रुंदी सारखीच, तरी ओळख पटते रुंदीमुळे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मानकुराद आणि मुसराद एका टोपलीत मिसळले, तर आंबेवाली मावशी ते नजरेनेच वेगळे करील. रंग, वास, देठाजवळचा उभार असं बरंच काही तिच्या ध्यानात असतं. आपण मात्र फक्त मोजपट्टी घेऊन बसू आणि प्रत्येक आंब्याची लांबी आणि रुंदी मोजू. पुढचे आकडे हिशोब हाताने करता यावा म्हणून मी ठरवले आहेत, ते प्रत्यक्ष मोजणीचे नाहीत.

समजा, पहिल्या जातीची सरासरी लांबी १०० मिलिमीटर आणि रुंदी ८० आहे. दुसरीची लांबी १०६ आणि रुंदी तीच, ८०. एकाच जातीतसुद्धा आंबे लहानमोठे असतात, म्हणून दोन्ही जातींत लांबीचं प्रचरण, म्हणजे सरासरीभोवती पसरण्याचं माप, १० आणि रुंदीचंही १० धरू. मोठा आंबा लांबही असतो आणि रुंदही, म्हणून या दोघांचं सहप्रचरण, म्हणजे दोन्ही मापं एकत्र कमीजास्त होण्याचं माप, ८ धरू.

सरासरी रुंदी सारखीच आहे, मग रुंदी कशाला मोजायची, असं कुणालाही वाटेल. फक्त लांबी पाहून १०३ वर रेघ मारली आणि मापं घंटाकृती वक्राप्रमाणे पसरलेली असली, तर शंभरातले साधारण १७ आंबे चुकीच्या टोपलीत जातात. पहिल्या जातीचा थोराड आंबा दुसऱ्या जातीचा वाटतो, हे चुकीचं मुख्य कारण. पण आंबा थोराड आहे की नाही, हे रुंदी सांगते! रुंदी जात सांगत नाही, पण आकारमान सांगते, आणि ते वजा केलं की जातीचा फरक उघडा पडतो.

किती वजा करायचं, हा खरा प्रश्न. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली आयरिसच्या फुलांची मापं घेऊन त्याचं उत्तर दिलं. मापांना वजनं देऊन एकच आकडा बनवायचा. तो असा हवा की, दोन जातींच्या सरासऱ्या एकमेकींपासून दूर जाव्यात आणि प्रत्येक जातीचे आंबे आपापल्या सरासरीजवळ गोळा व्हावेत. वजनांच्या जोडीला w म्हणू. जातींमधल्या अंतराचा मॅट्रिक्स S_B आणि जातीच्या आतल्या विखुरण्याचा मॅट्रिक्स S_W. मग हे गुणोत्तर जास्तीत जास्त मोठं करायचं:

```
(wᵀ S_B w) / (wᵀ S_W w)
```

या गुणोत्तराचा कळस जिथे असतो, तिथे पुढचं समीकरण खरं ठरतं:

```
S_B w = λ S_W w
```

नेहमीच्या आयगेन समीकरणात उजवीकडे नुसता λw असतो. इथे मध्ये S_W आला, म्हणून याला व्यापक आयगेन प्रश्न म्हणतात. अंतर मोजायची पट्टीच इथे बदलली आहे. ज्या दिशेला आंबे मुळातच खूप पसरतात, तिथलं सहा मिलिमीटरचं अंतर क्षुल्लक ठरतं. जिथे ते दाटीने राहतात, तिथे तेच अंतर मोठं. आणि λ म्हणजे दुसरं काही नसून ते गुणोत्तरच. म्हणून सर्वांत मोठा λ शोधायचा.

आपल्या उदाहरणात उत्तर येतं: पाच पट लांबी वजा चार पट रुंदी. पडताळून पाहू. सरासऱ्यांतला फरक (६, ०) आहे, त्याचा (५, −४) शी गुणाकार ३०, आणि त्या ३० ने तोच फरक गुणला की S_B w होतो (१८०, ०). S_W w चा पहिला घटक ५० वजा ३२ म्हणजे १८, दुसरा ४० वजा ४० म्हणजे शून्य. (१८०, ०) हे (१८, ०) च्या बरोबर दहापट आहे, म्हणजे λ = १०. फक्त लांबी घेतली असती तर गुणोत्तर ३६ भागिले १०, म्हणजे ३.६ एवढंच राहिलं असतं. नव्या आकड्यात पहिल्या जातीची सरासरी १८०, दुसरीची २१०. रेघ १९५ वर मारली की चुका शंभरात सतरावरून साधारण सहावर येतात. रुंदीला आलेलं ते उणे चार मला या सगळ्या पद्धतीचं मर्म वाटतं.

दोन जाती असल्या की उपयोगाची दिशा एकच निघते, कारण दोन सरासऱ्यांना जोडणारी रेषा एकच असते. तीन जातींना जास्तीत जास्त दोन दिशा मिळतात. अनेक गटांसाठी ही पद्धत सी. आर. राव यांनी १९४८ साली विस्तारली.

घोटाळा होतो तो मापं वाढवल्यावर. दोन जातींचे मिळून तीसच आंबे आहेत आणि यंत्राने प्रत्येकाची दोनशे तरंगलांबींवरची मोजमापं दिली, असं समजा. तेव्हा S_W ला खऱ्या अर्थाने अठ्ठावीसच दिशा उरतात. बाकीच्या दिशांत जातीच्या आतलं विखुरणं शून्य दिसतं, छेद शून्य होतो आणि गुणोत्तर अनंताकडे धावतं. पायथनमधलं `scipy.linalg.eigh(S_B, S_W)` अशा वेळी बहुधा S_W धन-निश्चित नसल्याची, म्हणजे प्रत्येक दिशेत त्याचं विखुरणं शून्याहून मोठं नसल्याची, तक्रार करून थांबतं, आणि ते चांगलंच. पूर्णांकनाच्या बारीक चुकांमुळे ते न थांबता अवाढव्य λ देऊन मोकळं झालं, तर फसगत होते. हातातले तीसही आंबे अचूक वेगळे झालेले दिसतात, पण नवी टोपली आली की नाणं उडवल्यासारखा निकाल लागतो. म्हणून काही आंबे हिशोबाबाहेर ठेवून त्यांवरच चाचणी घ्यावी. उपाय म्हणून S_W च्या कर्णावरच्या प्रत्येक आकड्यात थोडी भर घालतात, म्हणजे कुठलीच दिशा शून्य विखुरण्याची राहत नाही. भर किती घालायची, तेही त्या बाजूला ठेवलेल्या आंब्यांवर कमीत कमी चुका कशाने होतात हे पाहून ठरवतात.