गोठा आहे, तळं आहे, म्हणून शेती एकात्मिक होत नाही

गेल्या वर्षी एका कृषी प्रदर्शनात फलक पाहिला. वरच्या बाजूला उभा ऊस, मध्ये दोन म्हशी, खाली शेततळ्यात उड्या मारणारे मासे आणि ठळक अक्षरात 'एकात्मिक शेती पद्धती'. फलकाशेजारी मालक उभे होते. मी विचारलं, "शेणाचं काय करता?" ते म्हणाले, "विकतो की, ट्रॉलीवर." "आणि माशांना काय घालता?" "कोंडा आणि पेंड, दुकानातनं." माणूस कष्टाळू होता, तीन धंदे नीट सांभाळत होता. पण त्यांचं जे चाललंय त्याला मिश्र शेती म्हणतात. एकात्मिक शेती वेगळी, आणि हा घोळ आता बैठकांत, अर्जांत, अगदी बँकेच्या प्रकल्प अहवालातही इतका मुरलाय की एकदा सविस्तर लिहावं म्हटलं.

मिश्र शेती आपल्याला सांगायला नको. उसाबरोबर दोन जनावरं बाळगणं कोल्हापूर जिल्ह्यात शिकवावं लागत नाही. उसाचं बिल हंगामात येतं, दुधाचं दर दहा दिवसांनी, आणि घर चालतं ते दुधावर. त्यात मासे आले की तिसरं बिल. मिश्र पीक आणि मिश्र शेती यांतही काहीजण गफलत करतात. उसात हरभरा हे मिश्र पीक, उसाबरोबर म्हैस ही मिश्र शेती, एवढ्यावर तो विषय संपतो.

खरी अडचण पुढं आहे. मिश्र शेतीत तीन धंदे एका बांधाच्या आत असतात, पण प्रत्येकाचा माल बाहेरून येतो आणि बाहेर जातो. एकात्मिक शेतीत एकाचं टाकाऊ दुसऱ्याचं खाद्य होतं. म्हणून मिश्र शेतीचा हिशेब रुपयात तपासायचा आणि एकात्मिक शेतीचा हिशेब शेणात. लोक पहिला हिशेब दाखवून दुसऱ्याचा दाखला मागतात, तिथं माझं डोकं उठतं.

आमच्या भावकीतल्या एकाचं उदाहरण सांगतो. करवीर तालुक्यात नदीकाठाला दोन एकर रान. 52 गुंठे ऊस, 18 गुंठे हत्तीगवत आणि मका, 10 गुंठ्यांचं मातीच्या तळाचं तळं, गोठ्यात दोन म्हशी आणि एक संकरित गाय. पाहणारा म्हणेल, नमुना शेती. पण गोठ्याची जमीन मुरमाची, मूत जागच्या जागी मुरायचं किंवा गटारीला लागायचं. शेण रस्त्याकडेच्या उकिरड्यावर, उन्हापावसात उघडं. उसाला युरिया दुकानातला, माशांना कोंडाही दुकानातला. बिलं तीन होती, पण खताच्या खर्चात एक रुपयाचा फरक नव्हता.

आता शेणाचा हिशेब. गाय दिवसाला चार किलो गोळीपेंड खाते, त्यात प्रथिनं 20 टक्के. प्रथिनांत नत्राचा वाटा साधारण 16 टक्के असतो, म्हणजे रोज सुमारे 128 ग्रॅम नत्र पेंडीच्या पोत्यातून गोठ्यात येतं. ती दहा लिटर दूध देते, त्यातून फार तर 50 ग्रॅम बाहेर जातं. तीनशे दिवसांच्या वेतात 38 किलो आलं, 15 किलो गेलं. उरलेलं 23 किलो शेणामुतात उतरलं. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत नत्र असतं जेमतेम 21 किलो. म्हणजे एका गाईमागं एका गोणीहून जास्त खत तुमच्या दारात येऊन पडलेलं आहे, ते पेंडीच्या किमतीत तुम्ही आधीच विकत घेतलेलं आहे. वैरणीतलं तर यात धरलेलंच नाही.

आणि त्यातलं जवळजवळ निम्मं मुतात असतं, शेणात नव्हे. मूत जमिनीवर पडलं की त्यातला युरिया काही तासांत फुटायला लागतो आणि अमोनिया होऊन उडतो. गोठ्यात शिरल्यावर नाकाला झोंबतो तो हाच. म्हणजे आपलं खत हवेत चाललंय याचा वास आपण रोज घेतो आणि पेंडीवाल्याला शिव्या देतो. म्हणून मला कुणी विचारलं की एकात्मिक शेती सुरू करायची, तळं कुठं खोदू, तर मी आधी गोठ्यात कोबा करायला सांगतो. मागच्या बाजूला थोडा उतार, एक नाली, नालीच्या टोकाला झाकणाची टाकी. कोब्याला पैसे नसतील तर पाचट न जाळता त्याची कुट्टी करून जनावराखाली अंथरावी. ती मूत शोषते, ओली झाली की खड्ड्यात टाकायची आणि वर माती सारायची. जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही, पेटवायची घाई तेवढी आवरली पाहिजे.

आता तळं. इथं दुसरा घोळ होतो: गोठा आणि तळं शेजारी असलं की सगळं शेण तळ्यात ढकललं जातं. मोजून बघा. तीन जनावरं दिवसाला 45 किलोच्या आसपास ओलं शेण देतात. शेणावर मासे पोसायचे तर एका हेक्टर तळ्याला वर्षाला 15 ते 20 टनांच्या वर ते नको. 10 गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग, म्हणून दीड-दोन टन, दिवसाला पाच किलोच्या आतबाहेर. 45 पैकी पाच! बाकीचं उसाचं. सगळं तळ्यात गेलं की पाणी गर्द हिरवं होतं, रात्री त्यातला प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात. सकाळी ऊन चढल्यावर गेलात तर काही दिसत नाही, म्हणून जाणाऱ्यानं उजाडायच्या आत जावं.

भाऊबंदानं हे एकदा भोगलं. श्रावणात चार दिवस आभाळ होतं, ऊन नाही, आणि शेण मात्र नेहमीसारखं पडत राहिलं. पाचव्या दिवशी पहाटे कटले काठाला लागले. तेव्हापासून तो हात बुडवून बघतो. कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा. कोपर पाण्याला लागायच्या आत तळवा दिसेनासा झाला तर शेण बंद, कोपर बुडल्यावरही बोटं लख्ख दिसत असली तर थोडं वाढवायचं. ढगाळ दिवसांत काहीच घालायचं नाही. आणि जनावराला जंताचं औषध दिलं असेल तर पुढचे काही दिवस ते शेण तळ्याकडं न्यायचं नाही, कारण त्या शेणात औषध उतरतं आणि काही औषधांनी पाण्यातले बारीक जीव मरतात. मासे त्याच जिवांवर जगतात. शेण थेट खाऊन मासा वाढतो हा समज काढून टाका.

कटला वरच्या थरातला, रोहू मधल्या, मृगळ तळातला. अशी सहाशे बोटुकली सोडली, तर वर्षाकाठी दोन-अडीचशे किलो मासळी निघते. अडीचशे किलो मासळीत नत्र सहा किलोच्या आसपास. पण तळ्यात पडलेलं सगळंच मासा उचलत नाही. बाकीचं काही उडालं, काही पाण्यात विरघळलं आणि स्फुरदाचा मोठा भाग तळाच्या गाळात बसला. म्हणून माझं ठाम मत आहे की तळ्याचं पाणी उसाला जात नसेल आणि दोन-तीन वर्षांतून एकदा मे महिन्यात गाळ काढून रानात पसरत नसाल, तर तळं हा खताचा शेवटचा मुक्काम झाला. त्याला पुनर्वापर म्हणू नका. कागद अंथरलेल्या शेततळ्यात ही अडचण दुप्पट. तळाला माती नाही म्हणून मृगळाला खायला कमी, आणि गाळ काढायला गेलात की फावड्यानं कागद फाटतो. कागदाचं तळं पाणी साठवायला उत्तम, पण त्यात मासे सोडून त्याला एकात्मिक म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो.

आणखी एक खोट चालते. तेच शेण बायोगॅसला, तेच गांडूळ खताला, तेच तळ्याला आणि तेच उसाला, असे चार वेळा पैसे लावलेले तक्ते मी पाहिलेत. यातली एकच साखळी खरी जुळते: शेण आधी गॅसला. त्यातला कर्ब गॅस होऊन जळतो, नत्र बहुतेक सगळं संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या रबडीत राहतं, ती रबडी तळ्याला किंवा उसाला द्यायची. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे या गोठ्याचं सगळंच. पण एकदा खड्ड्यात गेलेलं शेण परत गॅसला येत नाही.

एवढं करून युरिया सुटतो का? नाही. उरलेल्या 40 किलो शेणाचं वर्षाला सात टनांच्या आसपास कुजलेलं खत होतं, त्यात नत्र 35 किलो. सुरू उसाची शिफारस हेक्टरी 250 किलो नत्राची, म्हणजे 52 गुंठ्यांना 130 किलो. मूत नीट धरलं तर निम्म्यापर्यंत जाता येईल, त्याच्या पुढं नाही. तेसुद्धा सगळं पहिल्या वर्षी पिकाला लागू होत नाही. 'खताचा खर्च शून्य' म्हणणाऱ्याच्या गोठ्यात एकदा जनावरं मोजून यावं.

उत्पन्नाच्या स्थैर्याचं गणित वेगळंच आहे, आणि इथं मिश्र शेतीला मी कमी लेखत नाही. बिलं तीन असली की एखादं बुडालं तरी घर चालतं, हा फायदा धंदे एकमेकांना न जोडताही मिळतो. उलट जोडल्यानं धोकेही जोडले जातात. 2022 मध्ये लम्पीची साथ आली, तेव्हा ज्याची गाय बसली त्याचं दूध थांबलं, आणि तळ्याचं खाद्यही त्याच गाईवर असेल तर माशांची वाढही थांबली. म्हणून साखळी जोडलेली असली तरी कोंड्याच्या दोन पोत्यांचे पैसे हाताशी ठेवावेत.

महापुरापुढं मात्र दोन्ही पद्धती सारख्याच. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी त्या भाऊबंदाच्या रानात आलं. ऊस पाण्याखाली, जनावरं वरच्या आळीला नेलेली, हत्तीगवत कुजलं आणि तळ्याच्या बांधावरून पाणी जाऊन मासे नदीला. धंदे तीन होते, पण जागा एकच. 2021 मध्ये पुन्हा पाणी आलं. आता तो जुलै-ऑगस्टमध्ये तळ्यात विकायजोगा मासा ठेवतच नाही. सप्टेंबरात पाणी ओसरल्यावर मोठी, वर्षभर दाटीत राखलेली बोटुकली आणून सोडतो आणि मृगाच्या आत जाळं ओढतो. बी महाग पडतं आणि एखादा मासा अर्ध्या किलोवरच निघतो, पण तो बाजारात निघतो, नदीत जात नाही. उन्हाळ्यात उसाला पाणी ओढताना तळ्यात मीटरभर तरी राहील याची खूण म्हणून त्यानं एक बांबू रोवलाय, त्यावर लाल रंगाची रेघ आहे. रेघ उघडी पडली की मोटर बंद.

परवा विचारत होता, "दादा, आता बदकं घेऊ का? त्यांची विष्ठा थेट तळ्यात पडते म्हणतात." मी विचारलं, "गाळ कधी काढलास?" तो म्हणाला, "तीन वर्षं झाली." आता या मे महिन्यात दोन ट्रॅक्टर सांगितलेत, गाळ खोडव्याच्या रानात पडणार आहे. बदकांचं त्यानंतर बघू.