मोठी दुर्घटना झाली की तुमच्या शेड्यूल केलेल्या पोस्टचं आम्ही काय करतो

तुमच्या आठवडाभराच्या पोस्ट आम्ही आधीच लावून ठेवतो, आणि बाहेर काहीही झालेलं असलं तरी त्या ठरल्या वेळेला जातातच, टूलला काय कळतंय! 20 जुलै 2012 ला अमेरिकेत अरोरामधे थिएटरात गोळीबार झाला, त्याच सकाळी तिथल्या रायफल असोसिएशनच्या मासिकाच्या अकाउंटवरून 'गुड मॉर्निंग शूटर्स, वीकेंडचा काय प्लॅन' अशा अर्थाचं ट्वीट गेलं. टाकणाऱ्याला घटना माहीतच नव्हती असा खुलासा आला खरा, पण तोवर लोक तुटून पडले होते.

आता समजा सकाळी कुठेतरी मोठा स्फोट झालाय आणि 11 वाजता तुमची 'धमाका सेल'ची पोस्ट लागलीये. अशा वेळी आम्ही तुम्हाला न विचारता आधी सगळं थांबवतो, फोन नंतर करतो. पण टूलमधली रांग थांबवली म्हणजे झालं असं नसतं. मेटा बिझनेस सूटमधून थेट शेड्यूल केलेल्या पोस्ट वेगळ्या असतात, त्या तिथे जाऊनच थांबवाव्या लागतात, आणि अॅड तर तरीही चालूच राहते कारण ती अॅड्स मॅनेजरमधे असते. सगळ्यात जास्त हीच सुटते, बूस्ट केलेली जुनी पोस्ट तर कुणाच्या लक्षातही नसते. ऑटो रिप्लायमधे 'हाय हाय, आज काय घेताय' असलं काही असेल तर तेही बंद.

अॅड थांबवली की लर्निंग, म्हणजे अॅड कुणाला दाखवायची हे मेटाची सिस्टीम जे शिकत असते ते, वाया जाईल अशी भीती बऱ्याच जणांना असते. मेटावर अॅड सेट 7 दिवस किंवा जास्त बंद राहिला तर परत चालू केल्यावर लर्निंग पुन्हा सुरू होतं, दोन-तीन दिवसांनी तसं होत नाही. फक्त अॅडची शेवटची तारीख आपोआप पुढे जात नाही, ती आपल्याला बदलावी लागते.

परत कधी सुरू करायचं याचा तासांचा हिशोब नाही. बचावकार्य चालू आहे, मृतांचा आकडा वाढतोय, तोवर नाहीच. आणि रिझ्यूम बटण एकदम दाबायचं नाही, काही टूल राहिलेल्या पोस्ट पुढच्या वेळांवर ढकलतात आणि संपलेली ऑफर परत लाइव्ह जाते. म्हणून आम्ही रांगेतली प्रत्येक पोस्ट वाचतो, धमाका, आग, लूट असले शब्द काढतो, मुदत संपलेलं उडवतो. पहिली पोस्ट साधी, कामाची, म्हणजे वेळ काय, डिलिव्हरीला उशीर होणार का एवढंच. सेल त्यानंतर, आधी एक पोस्ट टाकून कमेंट बघून मग पुढची.

श्रद्धांजलीची पोस्ट टाकायलाच हवी असं नाही. घटनेशी तुमचा किंवा तुमच्या माणसांचा खरंच संबंध असेल तर टाकूया, पण त्यावर मोठा लोगो नको, ऑफर नको, ट्रेंडिंग हॅशटॅग तर अजिबात नको.

थांबवायला तुमची परवानगी लागत नाही, पण सुरू करायला लागते: पहिल्या पोस्टचा मजकूर आम्ही तुम्हाला पाठवतो, तुम्ही हो म्हटल्याशिवाय ती जात नाही.