धोत्रा, कण्हेर आणि एरंड : बोंडावरून ओळख व मुलांना होणारी विषबाधा

नागपूर परिसरात नाल्यांच्या काठी, रिकाम्या प्लॉटांवर आणि घरांच्या कुंपणाला दिसणाऱ्या या तीन विषारी वनस्पती. पान आणि फूल मोठ्यांच्या सहज लक्षात येतं, पण मुलांच्या हाती लागते ती बी, आणि तीही बहुधा झाडापासून दूर पडलेली. म्हणून बोंड आणि बी ओळखता येणं जास्त उपयोगाचं.

धोत्रा. कमरेएवढं वाढणारं, फताड्या पानांचं झुडूप. पानाच्या तळाशी देठाच्या दोन्ही बाजू एकसारख्या नसतात, एक बाजू थोडी खाली उतरलेली असते. पान चुरगाळलं की उग्र, नकोसा वास येतो. फूल कर्ण्यासारखं, वीतभर लांब, पांढरं किंवा जांभळं, संध्याकाळी उमलणारं. बोंड लिंबाएवढं गोल, काटेरी आणि खाली मान घातलेलं. देठापाशी सुकलेल्या पुष्पकोशाची कॉलरसारखी चकती चिकटून राहते. ही चकती दिसली की धोत्र्याबद्दल शंका उरत नाही.

वाळलेलं बोंड वेडंवाकडं फुटतं आणि आत दाटीवाटीने भरलेल्या चपट्या, पिवळसर-तपकिरी बिया दिसतात. त्या मिरचीच्या बियांसारख्या दिसतात, पण थोड्या मोठ्या आणि जाड असतात. मिरचीची बी गुळगुळीत आणि पातळ कडेची, तर धोत्र्याची मूत्रपिंडाच्या आकाराची, बारीक खळगे असलेली आणि फुगीर बाजूला दुहेरी कड असलेली. हा फरक साध्या भिंगाने दिसतो. चाखून पाहायची गरज नाही, पाहूही नये.

कण्हेर. या नावाखाली दोन झाडं मोडतात. रस्त्यांच्या दुभाजकात लावलेली गुलाबी, पांढरी किंवा लाल कण्हेर ही एक. गुरंशेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती तिथे टिकते. तिची पानं जाड, लांबट, आणि फांदीवर एका जागी तीन-तीन लागतात. शेंगा बारीक, लांब, जोडीने येणाऱ्या. आतल्या बियांना रेशमी झुपका असतो. तीही पूर्ण विषारी, पण तिच्या बियांचं मुलांना आकर्षण नसतं. धोका असतो तो फांदी चघळण्यात.

दुसरी पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी. पानं अगदी अरुंद, चकचकीत, फांदीभोवती एकेक करून लागलेली. तोडलं की पांढरा चीक. फूल पिवळं, घंटेसारखं. फळ हिरवं, किंचित त्रिकोणी, पिकल्यावर काळं पडतं. गर गळून गेला की आत कठीण, दोन्हीकडे पंख काढल्यासारखी बिट्टी राहते. मुलं तिच्याशी खेळतात, आणि कधीतरी दगडाने फोडतात. आतल्या पांढुरक्या बिया बदामासारख्या वाटतात. लहान मुलासाठी एक-दोन बियाही धोक्याच्या मानतात.

एरंड. पंजासारखं मोठं पान, ५ ते ११ बोटांचं, दातेरी कडांचं. देठ पानाच्या कडेला नाही, तर छत्रीच्या दांड्यासारखा आतल्या बाजूला जोडलेला असतो. फुलांना पाकळ्या नसतात. एकाच तुऱ्यावर खाली पिवळसर नरफुलं आणि वर तांबड्या तंतूंची मादीफुलं असतात. बोंड मऊ काट्यांचं, तीन कप्प्यांचं, तीन बियांचं. उन्हात तडकलं की बिया दूर फेकल्या जातात, त्यामुळे झाड कुंपणापलीकडे आणि बी अंगणात असं घडतं. बी चकचकीत, ठिपकेदार, टोकाला छोटा कोंब असल्यासारखी; रक्त पिऊन फुगलेल्या गोचिडासारखी दिसते. याच्याशी गल्लत होते ती मोगली एरंडाची (चंद्रज्योत). त्याचं पान कमी कापलेलं, फळ बिनकाट्याचं, बी काळी. तीही विषारीच, आणि शेंगदाण्यासारखी लागते म्हणून मुलं ती जास्त प्रमाणात खातात.

बी चावली की गिळली. एरंडाच्या बीचं टरफल कठीण असतं. अख्खी गिळलेली बी बऱ्याचदा तशीच बाहेर पडते. चावली, फोडली तरच आतलं रायसिन हे विष सुटतं. एरंडेल तेलात रायसिन उतरत नाही, म्हणून तेल औषधाला चालतं आणि बी चालत नाही. बिट्टीच्या बाबतीत उलटा क्रम: कठीण कवच मुलाने आधीच फोडलेलं असतं, आतली बी मऊ असते आणि ती चावलीच जाते. धोत्र्याच्या बिया बारीक, त्यामुळे मूठभर तोंडात जातात. त्यातलं हायोसायमीन आणि स्कोपोलामीन बऱ्यापैकी लवकर भिनतं.

लक्षणांची वेळ वेगळी असते आणि फसगत तिथेच होते. धोत्र्यात बहुधा अर्ध्या ते दोन तासांत तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो, बाहुल्या विस्फारतात, अंग तापतं पण घाम येत नाही. मूल बरळतं, हवेत काहीतरी पकडू पाहतं, कपडे चिवडतं. हे पाहून बाहेरची बाधा समजून उतारा करणारे अजून आहेत. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यात दुसरी चूकही होऊ शकते: तापलेलं कोरडं अंग आणि बरळणं म्हणजे उष्माघातच असं धरलं जातं. उजेडातही मोठ्याच राहिलेल्या बाहुल्या आणि तुंबलेली लघवी धोत्र्याकडे बोट दाखवतात. महाशिवरात्रीला वाहिलेली बोंडं देव्हाऱ्यात किंवा निर्माल्यात वाळत राहतात, म्हणून त्यांचीही चौकशी करावी.

बिट्टीत तोंडाला जळजळ, उलट्या, आणि मग नाडी मंद व अनियमित. एरंडात मात्र अनेक तास काहीच होत नाही. नंतर उलट्या-जुलाब सुरू होऊन शरीर सुकतं. "खेळतोय की" म्हणून घरी ठेवलेलं मूल रात्री खालावतं ते यामुळे.

एक उदाहरण. चार वर्षांचं मूल दुपारी ४ वाजता अंगणात सापडलं. हातात ठिपकेदार बिया, तोंडात टरफलाचे तुकडे. बोटाला ओला कपडा गुंडाळून तोंड साफ करायचं, चूळ भरवायची. उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी, तूप, दूध काही द्यायचं नाही. फुटलेली बोंडं मोजायची. दोन बोंडं म्हणजे सहा बिया. जमिनीवर तीन आणि हातात एक सापडली, तर दोन पोटात आहेत असं धरायचं. टरफलाचे तुकडे आहेत, म्हणजे बी चावली आहे. पानासकट फांदी, उरलेलं बोंड आणि तुकडे पिशवीत घालून, वेळ लिहून, १०८ ला फोन करायचा किंवा जवळचं असेल तिथे, मेडिकल अथवा मेयो रुग्णालयात, थेट न्यायचं. मूल हसत असलं तरी डॉक्टर त्याला बराच वेळ देखरेखीखाली ठेवतात, कारण रायसिनवर उतारा नाही. सलाइन देऊन शरीरातलं पाणी सांभाळणं हाच मुख्य उपचार.

याच मुलाच्या हातात बिट्टी असती, तर पहिल्यांदा ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम पाहिलं जातं. मंदावलेल्या नाडीसाठी ॲट्रोपीन देतात, म्हणजे धोत्र्यातल्या विषाचाच सख्खा भाऊ. यावरून एकावर दुसऱ्याची बी देण्याचा विचार मात्र कुणी करू नये. बीमध्ये ते किती आहे हे झाडागणिक, बोंडागणिक बदलतं.