पाडकामाची नोटीस आणि सुनावणीचा हक्क : पार्श्वभूमी

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाबाबत देशभरासाठी निर्देश दिले, तेव्हापासून ‘पंधरा दिवसांची नोटीस’ हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत. त्याच निर्देशांत एक अपवाद आहे आणि त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामाला हे निर्देश लागू नाहीत. न्यायालयाच्याच आदेशाने होणाऱ्या पाडकामालाही नाहीत. यातला सार्वजनिक जागेचा अपवाद समजून घ्यायचा तर १९८१ च्या मुंबईपर्यंत मागे जावं लागतं.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. बांधकाम परवानगीच्या जुन्या कायद्यांत नोटीस द्यायची ती नागरिकाने. ‘मी बांधणार आहे’ असं त्याने पालिकेला कळवायचं आणि पालिकेने ठरावीक मुदतीत हरकत घ्यायची. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात हीच रचना आहे. म्हणूनच मुंबईत बांधकामाचा पहिला महत्त्वाचा कागद ‘नामंजुरीची सूचना’ या विचित्र नावाने हातात पडतो. कलम ३४६ खाली पालिका आधी प्रस्ताव नामंजूर करते आणि कोणत्या अटी पुऱ्या केल्या म्हणजे काम करता येईल ते सांगते. पालिकेने नागरिकाला नोटीस देण्याचा प्रश्न निराळा, आणि तो पहिल्यांदा ठळकपणे आला लंडनमध्ये, १८६३ साली. तिथल्या कायद्यानुसार बांधकामाच्या सात दिवस आधी स्थानिक मंडळाला कळवायचं होतं. एका बांधणाऱ्याने ते नीट केलं नाही. घर दुसऱ्या मजल्यापर्यंत आल्यावर मंडळाने त्याला काहीही न विचारता ते पाडलं. कायद्यात सुनावणीचा उल्लेख नव्हता, तरीही न्यायालयाने मंडळाला चुकीचं ठरवलं. कायदा गप्प असेल तर ती उणीव न्यायाचं तत्त्व भरून काढतं, असं त्या निकालाचं सूत्र होतं. मालकाची चूक उघड असली तरी त्याचं म्हणणं ऐकायचं, हा नियम तिथून आपल्याकडे आला.

कायदा गप्प असतो तिथे हे सूत्र सोपं आहे. पण मुंबईच्या कायद्याचं कलम ३१४ गप्प नाही. रस्त्यावरचं किंवा पदपथावरचं अतिक्रमण आयुक्त ‘नोटिशीशिवाय’ हटवू शकतील, असं ते स्पष्ट शब्दांत सांगतं. जुलै १९८१ मध्ये ऐन पावसाळ्यात पदपथावरच्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा झाली आणि झोपड्या पाडून माणसांना बसमध्ये बसवण्यात आलं, ते याच अधिकाराच्या जोरावर. प्रकरण आधी उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेलं. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला.

या निकालाचं एकच वाक्य सगळ्यांना पाठ आहे. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे ते वाक्य. पाडकामाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा भाग कलम ३१४ च्या अर्थाचा आहे. महापालिकेचा युक्तिवाद सरळ होता. कायद्याने नोटिशीची गरज मुद्दाम काढून टाकली आहे, कारण पदपथ अडवण्याचा हक्क कोणालाच नाही. मग ऐकायचं काय? न्यायालयाने हे मान्य केलं नाही. हे कलम आयुक्तांना नोटिशीशिवाय कारवाईची मुभा देतं, सक्ती करत नाही. सुनावणी हा नियम आहे आणि ती टाळणं हा अपवाद. विलंब चालणारच नाही अशा तातडीच्या प्रसंगी अपवाद वापरायचा. सुनावणीचं फलित आधीच ठरलेलं आहे, म्हणून ती द्यायची नाही, हा युक्तिवादही फेटाळला गेला. माणसाला त्याच्यावर परिणाम करणाऱ्या निर्णयात बोलू देणं याला स्वतंत्र मोल आहे, मग त्याच्या बोलण्याने निकाल फिरो वा न फिरो.

इथवर वाचणाऱ्याला वाटेल की पदपथवासी जिंकले. तसं झालं नाही. पुढे न्यायालय म्हणतं की एरवी आम्ही आयुक्तांना सुनावणी घ्यायला सांगितलं असतं, पण आयुक्तांनी नाकारलेली संधी याचिकाकर्त्यांना आमच्यासमोरच भरपूर मिळाली आहे. म्हणून वेगळ्या सुनावणीची गरज नाही. पदपथावर राहण्याचा हक्क नाही, हटवण्याची कारवाई वैध, फक्त पावसाळा संपेपर्यंत म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत हात लावू नये. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद होती त्यांना पर्यायी जागा द्याव्यात, मात्र हटवण्याआधी जागा दिलीच पाहिजे अशी अट नाही.

मला यातलं न्यायालयाने स्वतःच सुनावणी घेतल्याचं कारण कधीच पटलेलं नाही. न्यायालयात चर्चा झाली ती कलमाच्या वैधतेची आणि सर्वसाधारण परिस्थितीची. आयुक्तांसमोरच्या सुनावणीत एकेका झोपडीचा प्रश्न आला असता. ही झोपडी पदपथावर आहे की खासगी भिंतीच्या आत, हिची १९७६ च्या गणनेत नोंद आहे का, इथला माणूस तोच आहे का, असे ते प्रश्न. हजारो घरांची ही तपासणी पाच न्यायाधीश करू शकत नव्हते आणि त्यांनी ती केलीही नाही. तत्त्व भक्कम झालं, पण ज्यांच्यामुळे ते झालं त्यांच्या हाती चार महिन्यांची सवलतच आली.

१९९६ मध्ये अहमदाबादच्या पदपथांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वाला मुदतीची चौकट घातली. अतिक्रमण नुकतंच झालं असेल तर नोटिशीशिवाय काढता येईल. पालिकेने डोळेझाक करून लोकांना वर्षानुवर्षं बसू दिलं असेल तर दहा दिवस ते दोन आठवड्यांची नोटीस हवी. ती हातात द्यावी किंवा जागेवर डकवावी. ‘किंवा डकवावी’ ही सोय पुढे चांगलीच महागात पडली.

खासगी जमिनीवरच्या अनधिकृत बांधकामाची वाट वेगळी आहे. मुंबईत कलम ३५१ खाली कारणे दाखवा नोटीस, इतर महापालिकांत १९४९ च्या कायद्याचं कलम २६०, आणि नगररचनेच्या बाजूने १९६६ च्या कायद्याचं कलम ५३. या शेवटच्या कलमात एक महत्त्वाची खिडकी आहे. नोटिशीच्या मुदतीत मालकाने बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज केला तर त्याचा निकाल लागेपर्यंत नोटीस थांबते. म्हणून नोटीस हातात पडली की वकील पहिल्यांदा कोणत्या कायद्याचं कोणतं कलम लिहिलंय ते पाहतो. कलम ३५१ ची नोटीस बांधणाऱ्याला किंवा मालकाला उद्देशून असते. भाडेकरूला बरेचदा ती दिसते ती दारावरच. मालकाला पाडकाम हवंच असेल तर तो उत्तर देत नाही आणि घर जातं ते आत राहणाऱ्याचं. भोगवटादाराला स्वतंत्रपणे ऐकावं, यासाठीची भांडणं बहुतेक याच फटीतून निघतात.

डकवलेल्या नोटिशीचं काय होतं, याचं स्वच्छ उदाहरण प्रयागराजचं आहे. कारणे दाखवा नोटीस १८ डिसेंबर २०२० ला निघाली आणि त्याच दिवशी भिंतीवर डकवली गेली. प्रत्यक्ष हातात देण्याचा दोनदा प्रयत्न केला, असा शेरा तिच्यावर होता. पाडण्याचा आदेश ८ जानेवारी २०२१ ला झाला, तोही डकवला. रजिस्टर पोस्टाने आदेश पाठवला तो १ मार्चला. तो ६ मार्चला पोचला आणि ७ मार्चला घरं पाडली. कायद्यात अपिलाची तरतूद होती, ती वापरायला एक दिवसही मिळाला नाही. १ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरवून प्रत्येक घरमालकाला १० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. माणूस सापडतच नसेल तर डकवणं चालेल, पण त्याला शोधण्याचा प्रयत्न खरा असला पाहिजे. एकाच दिवशी जाऊन, नोटीस चिकटवून परत येणं म्हणजे तो प्रयत्न नव्हे.

हे पाडकाम २०२४ च्या निर्देशांच्या आधीचं आहे. त्या निर्देशांच्या फूटपट्टीने मोजलं तर फरक लगेच दिसतो. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि शिवाय डकवायची, ‘किंवा’ नाही. पंधरा दिवस किंवा स्थानिक कायद्यातली मुदत, यांपैकी जी जास्त ती मोजायची, आणि नोटीस हाती पडल्यापासून. जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेलने कळवायचं, म्हणजे मागची तारीख टाकण्याचा मार्ग बंद होतो. नोटिशीत नेमकं काय अनधिकृत आहे, कोणती कागदपत्रं आणायची आणि सुनावणी कधी, हे लिहायचं. सुनावणीचं टिपण ठेवायचं. अंतिम आदेशात दंड घेऊन नियमित करता येणार नाही का आणि काही भाग पाडून भागणार नाही का, याचं उत्तर द्यायचं. आदेश मिळाल्यावरही आणखी पंधरा दिवस थांबायचं. प्रयागराजचा आदेश ६ मार्चला पोचला असल्याने २१ मार्चपर्यंत त्या भिंतींना हात लावता आला नसता.

पण याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने १७ डिसेंबर २०२४ रोजी, मेरठच्या प्रकरणात, अनधिकृत बांधकाम कितीही जुनं झालं आणि पालिका कितीही झोपली तरी ते कायदेशीर होत नाही, असं ठणकावून सांगितलं. पालिकांच्या उत्तरांत आता हा निकाल उद्धृत होतो आणि रहिवाशांच्या याचिकांत नोव्हेंबरचा. दोन्ही एकमेकांना छेदत नाहीत. नोव्हेंबरचा पाडायचं कसं ते सांगतो, डिसेंबरचा वाचवायचं कधी नाही ते.

खरी ओढाताण अपवादापाशी आहे. बांधकाम ‘रस्त्यावर’ आहे असं म्हटलं की पंधरा दिवस गळून पडतात आणि आपण पुन्हा १९८५ च्या तत्त्वावर आणि १९९६ च्या दहा दिवसांवर येतो. साहजिकच काय रस्त्यावर आहे, हाच वाद होतो. विकास आराखड्यात रुंदीकरणाची रेषा एखाद्या घराच्या ओसरीतून जात असते. पालिकेचा माणूस ती दाखवून ‘हा रस्ता आहे’ म्हणतो. पण आराखड्यावर रेषा पडली म्हणून जमीन पालिकेची होत नाही. ती संपादन करावी लागते किंवा मोबदला देऊन ताब्यात घ्यावी लागते. तोवर त्या ओसरीखालची जागा मालकाचीच असते आणि तिच्यावरच्या बांधकामाला अपवाद लागत नाही. म्हणून अशा नोटिशीला उत्तर देताना पहिल्यांदा ताबा घेतल्याची पावती किंवा पंचनामा मागायचा. तो नसेल तर पंधरा दिवस, सुनावणी आणि सकारण आदेश, तिन्ही लागू होतात.