पावसाने सोलर पॅनल खरंच धुतले जातात का?

“पावसात पॅनल आपोआप धुतले जातात, मग वेगळं कशाला धुवायचं?”

सुटी धूळ जाते, एवढंच. उतार कमी असेल तर खालच्या चौकटीशी पाणी साचतं आणि वाळल्यावर गाळाची बोटभर पट्टी उरते. ती सेलच्या खालच्या ओळीवर आली, की सेल एकामागे एक जोडलेले असल्याने अख्ख्या पॅनलची वीज घटते. त्यात पुण्यात डिसेंबरपासून पाऊस जवळपास नसतोच.

आमचा कोथरूडचा ३ किलोवॅटचा संच फेब्रुवारीत दिवसाला १३ युनिट द्यायचा. मार्चमध्ये ऊन वाढूनही ११! एका सकाळी, काच गार असताना, ओल्या मऊ फडक्याने पट्टी पुसली. आदल्या दिवसासारखंच निरभ्र आभाळ, आणि संध्याकाळी ॲपवर १३.४. बोअरचं पाणी मात्र नको, क्षारांचे पांढरे डाग बसतात. धुऊनही आकडा हलला नाही, तर सावली किंवा वायरिंग तपासा.