वेस्टगार्ड नियम: रन कधी नाकारायचा, त्याआधी काय तयार हवे, नोंद काय ठेवायची

वेस्टगार्ड नियम लावण्याची पहिली अट म्हणजे कंट्रोलची सरासरी आणि एसडी तुमच्याच प्रयोगशाळेतली हवी. नवा लॉट जुन्यासोबत समांतर चालवून वेगवेगळ्या दिवशी किमान २० किमती घ्याव्यात आणि त्यांवरून दोन्ही आकडे काढावेत. कंट्रोलच्या माहितीपत्रकावरची रेंज थेट वापरू नये. ती अनेक प्रयोगशाळांमधला फरक सामावून घेण्यासाठी रुंद ठेवलेली असते, त्यामुळे खरा दोषही तिच्यात लपून जातो.

आता ग्लुकोजचा एक रन पाहू. लेव्हल १ ची सरासरी ९० मिग्रॅ/डेलि, एसडी २. लेव्हल २ ची सरासरी २५०, एसडी ५. आज अनुक्रमे ९४.६ आणि २६१ आले. मिळालेल्या किमतीतून सरासरी वजा करून एसडीने भागले, की +२.३ आणि +२.२ मिळतात.

दोन्ही २ एसडीच्या बाहेर, म्हणून `1-2s` चा इशारा मिळाला. मूळ पद्धतीत यावर रन नाकारत नाहीत, पुढचे नियम तपासतात. कारण दोन लेव्हल चालवल्या तर सगळे सुरळीत असतानाही सुमारे ९ टक्के रनमध्ये एखादी किंमत २ एसडीबाहेर जातेच. ३ एसडी कोणीच ओलांडलेला नाही, म्हणजे `1-3s` लागू नाही. पण दोन्ही किमती एकाच बाजूला २ एसडीबाहेर आहेत, म्हणून `2-2s` मोडला. रन नाकारायचा.

लेव्हल २ ची किंमत २३९, म्हणजे −२.२ आली असती, तर दोघींतले अंतर ४.५ एसडी होऊन `R-4s` मोडला असता. निर्णय तोच, पण शोध वेगळा: तिथे बुडबुडे, पिपेटिंग, नीट न मिसळलेले कंट्रोल पाहावे. आपल्या रनमध्ये दोन्ही वर सरकल्या आहेत, म्हणून आधी कॅलिब्रेशन, रिएजंटचा नवा लॉट आणि तापमान तपासावे.

सर्रास होते ते असे: कंट्रोल पुन्हा लावायचे, नाही जमले तर तिसऱ्यांदा, आणि ‘आत’ आले की रिपोर्ट सोडायचे. २ एसडीच्या काठावरची किंमत नुसत्या योगायोगानेही आत येते. कॅलिब्रेशन सरकलेले असेल तर ते तसेच राहते.

म्हणून रिपोर्ट थांबवा, कारण दूर करा, दोन्ही लेव्हल पुन्हा चालवा आणि त्या स्वीकारार्ह आल्यावरच या रनचे रुग्णनमुने पुन्हा तपासा. मागचे स्वीकारार्ह कंट्रोल लागल्यानंतर काही रिपोर्ट गेले असतील, तर त्यांतलेही काही नमुने, विशेषतः निर्णयाच्या सीमेजवळचे, परत लावून पाहावेत.

नोंदवहीत कंट्रोल व रिएजंटचे लॉट क्रमांक, दोन्ही किमती, मोडलेला नियम, सापडलेले कारण, केलेली दुरुस्ती, नंतरच्या किमती आणि सही हवी. नाकारलेल्या किमती खोडू नयेत. लेव्ही-जेनिंग्ज तक्त्यावर त्या दिसल्याच पाहिजेत.