फ्रीडेल–क्राफ्ट्स विक्रिया

बेंझीनच्या वलयावर अल्किल किंवा अ‍ॅसिल गट बसवण्याची, लुइस आम्लाच्या साहाय्याने होणारी विक्रिया. शार्ल फ्रीडेल व जेम्स क्राफ्ट्स यांनी ती 1877 मध्ये मांडली. उत्प्रेरक म्हणून बहुधा निर्जल अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वापरतात.

तिच्या अडचणी एन-प्रोपिलबेंझीनच्या उदाहरणात नीट दिसतात. बेंझीनवर 1-क्लोरोप्रोपेन घातले, तर सरळ साखळीचेच संयुग मिळावे असे वाटते. पण अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड क्लोरीनला ओढत असतानाच शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन आपल्या इलेक्ट्रॉनजोडीसह सरकतो आणि धनभार अधिक स्थिर अशा मधल्या कार्बनवर जातो. त्यामुळे आयसोप्रोपिलबेंझीन, म्हणजेच क्युमीन, मोठ्या प्रमाणात तयार होते. तापमान वाढेल तसा त्याचा वाटाही वाढतो. क्युमीन 152 अंश सेल्सिअसला उकळते, एन-प्रोपिलबेंझीन 159 अंशांना. एवढ्या थोड्या फरकावर साध्या ऊर्ध्वपातनाने दोन्ही वेगळी होत नाहीत.

दुसरी अडचण अशी की अल्किल गट वलयाला इलेक्ट्रॉन पुरवतो. त्यामुळे तयार झालेला रेणू मूळ बेंझीनपेक्षा लवकर विक्रिया करतो आणि त्यावर दुसरा, तिसरा गट बसतो. उपाय एकच: बेंझीन भरपूर जास्त ठेवून क्लोराइड थेंबाथेंबाने सोडणे. उरलेले बेंझीन ऊर्ध्वपातनाने परत मिळते.

म्हणून वाट वाकडी करून अ‍ॅसिलीकरण करतात. 50 मिलिलिटर कोरड्या बेंझीनमध्ये 14.7 ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड (0.11 मोल) घालून भांडे बर्फात ठेवावे व ढवळत 9.25 ग्रॅम प्रोपिओनिल क्लोराइड (0.1 मोल) हळूहळू सोडावे. अ‍ॅसिलियम आयन अनुस्पंदनाने स्थिर असल्याने साखळी बदलत नाही. कार्बोनिल गट वलयातून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून दुसरा गटही बसत नाही. मात्र तयार झालेले कीटोन अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडला बांधून ठेवते. अल्किलीकरणात ते चिमूटभर पुरते, इथे मोलाला मोलापेक्षा थोडे जास्तच लागते. शेवटी सगळे बर्फ व हायड्रोक्लोरिक आम्लात ओतल्यावर कीटोन सुटते. मिळालेल्या प्रोपिओफिनोनचे क्लेमेन्सन क्षपण (जस्त-पारा संमिश्र व तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल) केले की शुद्ध एन-प्रोपिलबेंझीन हाती येते.

कोकणातल्या महाड, लोटे-परशुराम यांसारख्या रासायनिक वसाहतींत पावसाळ्याची दमट हवा या विक्रियेची खरी शत्रू ठरते. 1 ग्रॅम पाणी सुमारे अडीच ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वाया घालवते. म्हणजे वरच्या प्रयोगात अर्धा ग्रॅम ओलावा शिरला, तरी राखीव ठेवलेला जादा भाग जवळजवळ संपतो. पिंपाचे झाकण काढताच दाट पांढरा धूर येणे आणि भुकटीचे दगडासारखे गठ्ठे झालेले असणे ही माल ओलावल्याची खूण. झाकण फुगलेले दिसले तर आत हायड्रोजन क्लोराइड साठलेला असतो. असे पिंप घाईने उघडू नये. उघडलेले पिंप त्याच पाळीत संपवावे, आणि संघनकाच्या तोंडाशी कॅल्शियम क्लोराइडची नळी लावून पुढे निघणारा वायू कॉस्टिकच्या द्रावणात शोषावा. शोषक नळीचे तोंड द्रावणात बुडवू नये. वायू थांबला की द्रावण उलटे ओढले जाऊन थेट अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडवर पडते.